विश्लेषण : पेट्रोलवरच्या केंद्रीय करात राज्यांच्या वाट्याला किती पैसे?

केंद्राने गोळा केलेल्या करांपैकी ४१ टक्के रक्कम राज्यांना मिळते, हे वाक्य अर्थसंकल्पाच्या दिवसांत इतक्या वेळा कानावर पडते की त्याची खातरजमा करावी असे कुणाला वाटत नाही. ती करायची तर पेट्रोलपंपासारखी दुसरी जागा नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवले. तेव्हापासून पेट्रोलच्या एका लिटरमागे केंद्राचा कर २१ रुपये ९० पैसे झाला. ४१ टक्क्यांचा हिशेब सरळ लावला तर त्यातले जवळपास नऊ रुपये देशातल्या सर्व राज्यांकडे जायला हवेत. प्रत्यक्षात जातात ते ५७ पैसे. या ५७ पैशांत अठ्ठावीस राज्ये वाटेकरी.

यात कुणी बेकायदा काही केलेले नाही. वित्त आयोगाची शिफारस डावललेली नाही, राज्यघटनेचा भंग झालेला नाही. नऊ रुपयांचे ५७ पैसे होतात ते ‘कर’ या शब्दाच्या आत दडलेल्या आणखी दोन शब्दांमुळे. एक ‘उपकर’, दुसरा ‘अधिभार’. राज्यांचा वाटा ४१ टक्के असावा की ५० टक्के यावर दर पाच वर्षांनी वाद रंगतो. तो नेमका कशाच्या ४१ टक्के, हा प्रश्न मात्र मागे पडतो आणि राज्यांचे नुकसान तिथेच होते.

२१ रुपये ९० पैशांची फोड

या रकमेचे चार तुकडे आहेत. पहिला मूळ उत्पादन शुल्काचा, १ रुपया ४० पैसे. दुसरा विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काचा, १३ रुपये. तिसरा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, अडीच रुपये. चौथा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर, पाच रुपये. ग्राहकाच्या दृष्टीने या चौघांत काडीचा फरक नाही. तो एकच रक्कम मोजतो. पण यातला फक्त पहिला तुकडा राज्यांबरोबर वाटून घेण्याच्या निधीत जमा होतो. दुसऱ्याचे नाव शुल्काचे असले तरी त्याची गणना अधिभारात होते. तिसरा आणि चौथा तर नावानेच उपकर. अधिभार आणि उपकर पूर्णपणे केंद्राचे.

म्हणजे वाटपाला उरतात १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे. पंधराव्या वित्त आयोगाने यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला होता. त्या हिशेबाने देशात कुठेही विकल्या गेलेल्या एका लिटर पेट्रोलवरच्या केंद्रीय करातून महाराष्ट्राला साडेतीन पैशांच्या थोडे वर मिळतात. पूर्ण २१ रुपये ९० पैसे वाटपात आले असते, तर ही रक्कम ५७ पैसे झाली असती. सोळापट नाही, पण त्याच्या जवळ.

ही व्यवस्था आली कुठून?

कर कुणी लावायचा, याची वाटणी घटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. प्राप्तिकर, कंपनी कर, सीमाशुल्क, उत्पादन शुल्क हे केंद्राच्या सूचीत. जमीन महसूल, मद्यावरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवरचा कर हे राज्यांच्या सूचीत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि बहुतेक वस्तू-सेवांवरचा कर दोघांचा सामाईक झाला. या वाटणीत एक असमतोल मुळातच आहे. झपाट्याने वाढणारे आणि वसूल करायला सोपे कर केंद्राकडे आहेत. शाळा, दवाखाने, पोलीस, पाणी, शेती हा खर्चाचा मोठा भार राज्यांवर आहे. घटनाकारांना याची जाण होती. म्हणून त्यांनी केंद्राच्या करांत राज्यांना वाटा दिला आणि तो ठरवण्यासाठी अनुच्छेद २८० नुसार दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली.

आयोग दोन गोष्टी सांगतो. एकूण वाटपयोग्य निधीतला किती भाग राज्यांना द्यायचा आणि तो राज्याराज्यांत कसा विभागायचा. पण वाटपयोग्य निधी म्हणजे काय, हे सांगणे त्याच्या हाती नाही. ते अनुच्छेद २७० सांगतो आणि तो उपकर व अधिभार स्पष्ट शब्दांत बाजूला काढतो. अनुच्छेद २७१ संसदेला अधिभार लावण्याचा अधिकार देतो आणि त्याचे उत्पन्न केंद्राचेच राहील असे म्हणतो. किती अधिभार लावावा, किती वर्षे लावावा, याची मर्यादा दोन्ही अनुच्छेदांत नाही. भाकरीचे किती तुकडे करायचे हे आयोगाने ठरवायचे आणि भाकरी केवढी थापायची हे केंद्राने, अशी ही रचना आहे.

तिचा वापर आजचा नाही. कंपन्या भरत असलेला प्राप्तिकर १९५९ पर्यंत राज्यांबरोबर वाटला जात असे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने त्याचे वर्गीकरण ‘कंपनी कर’ असे बदलले आणि तो केंद्राचा एकट्याचा झाला. कर तोच, भरणारे तेच, फक्त नाव बदलले. राज्ये संतापली. तिसऱ्या वित्त आयोगाने उरलेल्या प्राप्तिकरातला राज्यांचा हिस्सा वाढवून काही भरपाई केली, पण पुढच्या दशकांत औद्योगिकीकरणाबरोबर फुगत गेला तो कंपनी कर.

उलट बाजूही बघायला हवी. नवव्या वित्त आयोगापर्यंत प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा ८५ टक्क्यांवर पोहोचला होता. प्राप्तिकर वसूल करण्यासाठी खटाटोप करायचा केंद्राने आणि हाती राहायचे रुपयातले १५ पैसे. साहजिकच ज्या करात वाटेकरी नाहीत, त्यांच्याकडे केंद्राचा ओढा वाढला. यावर तोडगा म्हणून दहाव्या आयोगाने सगळे केंद्रीय कर एकत्र करून त्यातला एक ठरावीक टक्का राज्यांना द्यावा, अशी पर्यायी योजना सुचवली. सन २००० मधल्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने ती स्वीकारली गेली. राज्यांसाठी हा मोठा विजय मानला गेला, कारण कंपनी कर आणि सीमाशुल्कही वाटपात आले. त्याच दुरुस्तीत उपकर आणि अधिभार वगळणारे शब्दही होते. केंद्राला वाटेकरी नको असतील, तेव्हा जाण्यासाठी एवढा एकच दरवाजा उघडा राहिला होता.

दर तोच, खिसा बदलला

पेट्रोलवरच्या कराचा गेल्या काही वर्षांतला प्रवास पाहिला की हा दरवाजा कसा वापरला जातो ते कळते. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पाआधी पेट्रोलवर केंद्राचा एकूण कर लिटरला १९ रुपये ४८ पैसे होता. त्यात मूळ शुल्क ६ रुपये ४८ पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क सात रुपये आणि रस्त्यांसाठीचे अतिरिक्त शुल्क सहा रुपये. अर्थसंकल्पात मूळ शुल्क दोन रुपयांनी कमी झाले. सकाळी टीव्हीवर पेट्रोल स्वस्त झाल्याच्या पट्ट्या झळकल्या. ते स्वस्त झाले नाही. सहा रुपयांचे शुल्क रद्द झाले, त्या जागी आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला. एकूण बेरीज पुन्हा १९ रुपये ४८ पैसे. ग्राहकाला काही फरक पडला नाही, केंद्राच्या वसुलीतही नाही. बदल एवढाच की राज्यांच्या वाटपात येणारे दोन रुपये वाटपाबाहेर गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंधन दरांवरून ओरड झाली तेव्हा केंद्राने दीड रुपयाची कपात केली. ती मूळ शुल्कातून. जुलै २०१९ मध्ये दोन रुपये वाढवले, एक विशेष शुल्कात आणि एक उपकरात. मग करोनाचा काळ आला. जगभरात कच्च्या तेलाचे भाव कोसळले. त्या घसरणीचा फायदा ग्राहकाला देण्याऐवजी केंद्राने मार्च २०२० मध्ये तीन रुपये आणि मे मध्ये दहा रुपये कर वाढवला. तेरा रुपयांची ही वाढ सगळीच्या सगळी विशेष शुल्क आणि उपकर यांत होती. मूळ शुल्क २ रुपये ९८ पैशांवर जिथल्या तिथे. टाळेबंदीत राज्यांचा स्वतःचा महसूल आटला होता, रुग्णालयांचा खर्च त्यांच्या गळ्याशी आला होता. नेमक्या त्या वेळी देशातल्या एका मोठ्या करवाढीतला एक पैसाही वाटपात आला नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तोच खेळ. अडीच रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर नव्याने आला. ग्राहकावर बोजा पडू नये म्हणून मूळ शुल्क २ रुपये ९८ पैशांवरून १ रुपया ४० पैशांवर आणि विशेष शुल्क बारावरून अकरा रुपयांवर आणले. एकूण कर ३२ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९० पैसे झाला. बोजा पडू नये ही काळजी ग्राहकापुरती खरी होती. राज्यांच्या वाट्याची रक्कम मात्र एका फटक्यात निम्म्याहून खाली आली.

एक गोष्ट केंद्राच्या बाजूने नोंदवायला हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवर पाच रुपये आणि मे २०२२ मध्ये आठ रुपये कर कमी केला गेला, तो दोन्ही वेळा रस्ते उपकरातून. त्यामुळे ही झळ पूर्णपणे केंद्राला लागली, राज्यांच्या वाट्याला धक्का बसला नाही. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी तेव्हा हे आवर्जून सांगितले आणि ते बरोबर होते. पण त्यामागचे कारणही तितकेच स्पष्ट आहे. मूळ शुल्कात कापायला उरलेच होते केवढे? एक रुपया चाळीस पैसे.

मोठी कपात मूळ करात झाली की काय होते, त्याचेही उदाहरण आहे आणि ते गोव्याशी निगडित आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे बुडणाऱ्या महसुलाचा सरकारचा स्वतःचा अंदाज वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा होता. कंपनी कर वाटपात असतो. तेव्हा राज्यांचा वाटा ४२ टक्के होता, म्हणजे सवलत दिली केंद्राने आणि रुपयातले ४२ पैसे सोडले राज्यांनी. त्यांना कुणी विचारले नव्हते. विचारण्याची तरतूदही नाही. दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर मात्र या नव्या दरावरही कायम राहिले.

उपकराचा पैसा नावाप्रमाणे खर्च होतो का?

उपकराच्या समर्थनार्थ सांगितले जाते की तो विशिष्ट कामासाठी असतो. रस्त्यांसाठी घेतलेला पैसा रस्त्यांवरच जाणार, मग तो वाटायचा कशाला? तत्त्व म्हणून यात चूक नाही. रस्ते उपकर ज्या केंद्रीय निधीत जातो, त्यातला काही भाग राज्यांच्या रस्त्यांनाही मिळतो, हेही खरे. पण वाटपातून आलेला पैसा राज्य आपल्या मर्जीने खर्च करते. निधीतून आलेल्या पैशाबरोबर केंद्राच्या अटी, केंद्राची मंजुरी आणि केंद्राचा फलक येतो.

त्याहून मोठा प्रश्न, पैसा त्या निधीपर्यंत पोहोचतो का? कॅगने २०१८-१९ च्या हिशेबांची तपासणी केली. पस्तीस प्रकारचे उपकर आणि तत्सम आकारणी यांतून त्या वर्षी २ लाख ७४ हजार कोटी रुपये जमा झाले होते. संबंधित राखीव निधींत वळते झाले ते १ लाख ६४ हजार कोटी. उरलेले एक लाख दहा हजार कोटी केंद्राच्या एकत्रित निधीतच राहिले, म्हणजे इतर कोणत्याही कराप्रमाणे वापरायला मोकळे. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावरचा उपकर तर १९७४ च्या कायद्याने तेल उद्योगाच्या विकासासाठी आहे. कॅगच्या नोंदीनुसार दशकभरात गोळा झालेले १ लाख २४ हजार कोटी रुपये त्यासाठीच्या मंडळाकडे गेलेच नाहीत.

शिक्षण उपकराची गोष्ट पगारदारांच्या ओळखीची आहे, कारण प्राप्तिकराच्या हिशेबात तो दर वर्षी दिसतो. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर लागला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. या एक टक्क्याचा पैसा ज्यात ठेवायचा, त्या निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये. दहा वर्षे उपकर होता, त्याचा गल्ला नव्हता. पुढच्याच वर्षी दोन्ही उपकर मिळून आरोग्य व शिक्षण असा चार टक्क्यांचा एक उपकर झाला.

पैसा नावाप्रमाणे बाजूला ठेवला जात नसेल, तर तो उपकर राहत नाही. तो साधा कर असतो, फक्त वाटेकरी नसलेला.

४१ चे ३३ कसे होतात?

पेट्रोल हे टोकाचे उदाहरण आहे, हे मान्य करायला हवे. प्राप्तिकर आणि कंपनी कराचा बराच मोठा भाग अजून वाटपात आहे. तरी एकूण चित्रातही फरक दिसतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात केंद्राचा एकूण कर महसूल ४२ लाख ७० हजार कोटी रुपये धरला होता. राज्यांचा वाटा १४ लाख २२ हजार कोटी. भागाकार केला तर तो ३३ टक्क्यांच्या किंचित वर येतो. ४१ टक्क्यांशी तो जुळवायचा तर वाटपयोग्य निधी सुमारे ३४ लाख ७० हजार कोटींचा असला पाहिजे. मधले आठ लाख कोटी वाटपाच्या बाहेर आहेत. त्यात करवसुलीचा खर्च आणि केंद्रशासित प्रदेशांतला महसूल यांसारख्या किरकोळ बाबी आहेत, पण मोठा भाग उपकर आणि अधिभारांचा.

हे प्रमाण कायम एकसारखे नव्हते. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण कर महसुलात उपकर-अधिभारांचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२०-२१ पर्यंत तो वीस टक्क्यांच्या घरात गेला. इंधनावरचा उपकर घटल्यानंतर तो पुन्हा उतरला, तरी जुन्या पातळीवर आला नाही. या वाढीच्या मध्यावर २०१५ हे वर्ष येते. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून एकदम ४२ टक्क्यांवर नेला आणि केंद्राने तो स्वीकारला. आयोगाने एका हाताने दिले, ते वाटपाबाहेरचे कर वाढवून दुसऱ्या हाताने काही अंशी परत घेतले गेले. हा निष्कर्ष राज्यांना आवडतो म्हणून नव्हे, तर आकड्यांचा क्रमच तो सुचवतो.

या वादात सर्वात मोठा आवाज असतो तो श्रीमंत राज्यांचा. महाराष्ट्र, तमिळनाडू, कर्नाटक, केरळ यांचा. महाराष्ट्र देतो किती आणि त्याला मिळते किती, हा हिशेब इथल्या प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. तो वेगळा विषय आहे. गरीब राज्यांना जास्त मिळावे यासाठीच आयोगाचे सूत्र आहे आणि त्यात राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यापेक्षा किती मागे आहे याला पंधराव्या आयोगाने ४५ टक्के वजन दिले होते. उपकरांचा फटका मात्र श्रीमंतांपेक्षा गरिबांना जास्त बसतो. महाराष्ट्राच्या तिजोरीचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या करांतून येतो. बिहारचे तसे नाही, तिथले सरकार केंद्रीय वाटपावर चालते. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात बिहारचा हिस्सा १०.०५८ टक्के होता. एका लिटर पेट्रोलमागे त्याला मिळतात पावणेसहा पैसे. पूर्ण कर वाटपात असता तर ९० पैसे मिळाले असते. महाराष्ट्राचे नुकसान ५३ पैशांचे, बिहारचे ८४ पैशांचे. तरी पाटण्याहून याबद्दल फारसा आवाज येत नाही. विशेष दर्जा आणि विशेष पॅकेज मागणे राजकारणाला सोयीचे पडते, वाटपयोग्य निधीची व्याख्या मागणे नाही.

राज्येही धुतल्या तांदळासारखी नाहीत

मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपये ५० पैसे असते, तेव्हा त्यात राज्याचा कर २४ रुपयांच्या आसपास असतो. २५ टक्के व्हॅट, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा अतिरिक्त कर. केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांपेक्षा राज्याची वसुली जास्त आहे. व्हॅट टक्केवारीत असल्याने केंद्राने कर वाढवला की राज्याचा करही त्यावर आपोआप वाढतो, ही बाब राज्ये सहसा बोलत नाहीत. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला सगळ्याच पक्षांच्या राज्य सरकारांचा विरोध आहे, तोही याच कारणाने. जीएसटीनंतर ज्यांचे दर राज्याला एकट्याने ठरवता येतात, असे मोठे कर उरले तीन-चारच : इंधन, मद्य, मुद्रांक शुल्क आणि वाहने.

आणि राज्याने महापालिकांशी केलेला व्यवहार? जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला. बदल्यात दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी भरपाई राज्याने २०१७ च्या कायद्याने मान्य केली. पण आपला कर ठरवण्याचा पालिकेचा अधिकार गेला तो गेलाच. केंद्राकडे बघून राज्य जी तक्रार करते, तीच तक्रार पालिका राज्याकडे बघून करू शकते.

केंद्राचीही बाजू आहे. संरक्षणाचा खर्च, जुन्या कर्जावरचे व्याज, रेल्वे, महामार्ग ही ओझी त्याच्या डोक्यावर आहेत. साथीसारखे संकट आले की कर्ज काढण्याची ताकद त्याच्याकडेच असते. म्हणून आणीबाणीच्या वेळी तातडीने पैसा उभा करता यावा, यासाठी अधिभाराचा अधिकार काढून घ्यावा असे कुणी जाणकार म्हणत नाही. १९८८ मधल्या सरकारिया आयोगाचे म्हणणेही असा अधिभार विशिष्ट कारणासाठी आणि मर्यादित काळापुरता असावा, एवढेच होते. २०१० मध्ये पुंछी आयोगाने सर्व उपकर-अधिभारांचा आढावा घेऊन त्यांचे प्रमाण कमी करण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या दशकात ते दुप्पट झाले.

टक्का वाढवून सुटेल?

सोळाव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष अरविंद पानगढिया यांनीच सांगितले होते की २८ पैकी २२ राज्यांनी वाटा ५० टक्के करण्याची मागणी केली आहे. आयोगाने तो ४१ टक्क्यांवरच ठेवला आणि केंद्राने ते स्वीकारले. राज्यांना हे झोंबले असेल. पण ५० टक्के मंजूर झाले असते तर पेट्रोलच्या लिटरमागे राज्यांना ५७ ऐवजी ७० पैसे मिळाले असते, एवढाच काय तो फरक. उलट वाटा जितका मोठा, तितका वाटपाबाहेरचा कर लावण्याचा मोहही मोठा. २०१५ नंतर तेच दिसले. त्यामुळे राज्यांनी पुढच्या आयोगापुढे टक्क्यासाठी शक्ती घालवण्यापेक्षा दोन गोष्टींसाठी आताच जोर लावणे शहाणपणाचे ठरेल. एक, प्रत्येक उपकर आणि अधिभाराच्या कायद्यात संपण्याची तारीख. ती उलटूनही कर चालू ठेवायचा असेल तर तो मूळ करात मिळवायचा, म्हणजे आपोआप वाटपात येईल. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, वित्त विधेयकातले एक कलम पुरते. दुसरी गोष्ट अवघड आहे. एकूण महसुलात वाटपाबाहेरच्या करांना ठरावीक टक्क्यांची कमाल मर्यादा. तिला अनुच्छेद २७० मध्ये बदल करावा लागेल आणि संसदेत बहुमत असलेले कोणतेही सरकार ते हौसेने करणार नाही.

मुदतीची कल्पना अव्यवहार्य नाही. जीएसटी भरपाई उपकराला ती होती. राज्यांना पाच वर्षे भरपाई देण्यासाठी तो लावला गेला, करोनाकाळात काढलेली कर्जे फेडण्यासाठी लांबला आणि अखेर गुंडाळला गेला. त्याला शेवट होता, कारण तो जीएसटी परिषदेतल्या वाटाघाटीतून जन्मला होता आणि त्या परिषदेत मतांचे दोन तृतीयांश वजन राज्यांचे आहे. पेट्रोलवरच्या उपकरासाठी अशी परिषद नाही.

तो उपकर संपल्यावर तंबाखू आणि पानमसाल्यावरचा कर कमी होऊ नये, म्हणून केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत दोन वेगवेगळी विधेयके मंजूर करून घेतली. सिगारेट आणि तंबाखूवर उत्पादन शुल्क वाढवले. ते वाटपात येते आणि त्याचे ४१ टक्के राज्यांना मिळतात. पानमसाल्यावर मात्र आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने नवा उपकर लावला. त्यातला काही भाग आरोग्य योजनांसाठी राज्यांना देऊ, असे आश्वासन सरकारने सभागृहात दिले. पानाच्या टपरीवर दोन्ही माल शेजारीशेजारी टांगलेले असतात.